आभार मानायची पाळी माझी होती

आमच्या परळच्या शाळेत भाषण कुणाचंही असो, शेवटी आभार मानावेच लागतात आणि ते मानायची पाळी फिरती असते. मुख्याध्यापिकाबाई वर्षाचा खर्च समजावून सांगणार होत्या, त्या शनिवारी पाळी माझी होती. मी गाणं आणि नाटक शिकवणारा. मला सरकारी पगार नाही, संस्था मानधन देते. पण माइक हातात येणार म्हटलं की मी इस्त्रीचा सदरा घालतो.

आम्ही सगळे शिक्षक नववीच्या बाकांवर बसलो होतो. बाई उभ्या राहिल्या.

"वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चाचं, अजून आलेलं नाही. इमारतीच्या तपासणीत जिना धोक्याचा ठरला, त्यामुळे शाळेचा वरचा हॉल लग्नकार्यांना देता येत नाही. म्हणजे भाडंही गेलं. मान्य पदांचे पगार सरकारकडून येतात, ते येतील. बाकी सगळं या भाड्यावर चालायचं. आता गेल्या वर्षीची शिल्लक तेवढी आहे."

त्यांनी हातातला कागद उलटला.

"मी क्रम असा लावला. ज्याच्यामुळे मुलाला इजा होईल ते पहिलं, म्हणजे जिना आणि मुलींची स्वच्छतागृहं. ज्याच्यावाचून पुढच्या वर्षी मुलंच येणार नाहीत ते दुसरं, म्हणजे बालवर्गाच्या ताईंचं मानधन. बालवर्ग बंद झाला तर पहिलीचा पट घटेल आणि पट घटला की तुमच्यातलेच कोणी अतिरिक्त ठरतील. तिसरं म्हणजे प्रयोगशाळा, दहावीच्या प्रात्यक्षिकांपुरती. तिथे पैसे संपतात. स्नेहसंमेलन नाही. गाणं-नाटकाचं मानधन या महिन्यानंतर नाही."

त्या खाली बसल्या. पर्यवेक्षक वर्षानुवर्षांच्या सवयीनं उठले, "आता आभार मानतील आपले नाटकाचे सर," असं म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

शेजारचे गणिताचे सर पुटपुटले, "बस रे तू. मी उरकतो."

"पाळी माझी आहे," मी म्हणालो. "आणि सदरा पण इस्त्रीचा आहे."

पुढे जाऊन उभा राहिलो. पाठ केलेली वाक्यं काही उपयोगाची नव्हती.

"जिना आधी धरल्याबद्दल आभार. तालमीला उशीर झाला की माझी पोरं त्याच जिन्यावरून उड्या मारत येतात. बालवर्गाच्या ताईंना ठेवल्याबद्दल आभार. त्यांची पोरं मोठी झाली की माझ्याकडेच आली असती." मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "यादी मी केली असती तर मीही माझं नाव शेवटीच लिहिलं असतं. फक्त मी ते एवढं सरळ वाचून दाखवू शकलो नसतो."

टाळ्या वाजल्या नाहीत. बालवर्गाच्या ताई खाली मान घालून पदर पिळत होत्या.

नंतर बाई संगीताच्या खोलीत आल्या. मी पेटी पुसत होतो.

"हॉल सुरू झाला तर पहिला फोन तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"कधी होईल?"

"कंत्राटदार दिवाळीनंतर म्हणतो. माझा विश्वास नाही. सर, तुम्ही दुसरीकडे बघा."

"या वयात नाटकवाल्याला कोण घेणार, बाई?"

त्यांनी पेटीची दुसरी बाजू धरली. ओल लागू नये म्हणून ती आम्ही कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. मी कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.