नऊशे सेकंदांची सूट

भद्रावतीच्या फॅक्टरीत वामनराव रामटेके एकतीस वर्षं तपासनीस होते, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचंही 'चालून जाईल' चालू दिलं नाही. सुटे भाग मोजायची मापं, म्हणजे गेज, त्यांच्या टेबलावरून जायची. प्रत्येक गेजचीही तपासणी ठरलेली असे, आणि ती तारीख एका दिवसाने जरी उलटली असली तरी वामनराव त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवत. फोरमन डोक्यावर येऊन कितीही ओरडला तरी हे गृहस्थ शांतपणे चष्मा पुसत बसायचे. "मापच खोटं असन त मालाले काऊन दोष देता?" एवढं म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. असा माणूस घरात असला की बायकोचा जीव मेटाकुटीला येतो. रुखमाबाईंचा आलाच होता, पण तो भाग वेगळा.

रिटायर झाल्यावर वामनरावांना चांदीच्या वायद्याचा नाद लागला. दिवसभर मोबाइलवर डोळे लावून बसतात म्हणून लेक दिव्यानीने त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप सौदे करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली. दिव्यानी हैदराबादला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. स्क्रिप्टचा नियम साधा होता. भाव चढला आणि मग पाच मिनिटं एका पट्ट्यात शांत राहिला की एक लॉट, म्हणजे ठरावीक वजनाचा एक सौदा, घ्यायचा. घेतल्यावर ठरलेल्या रेषेखाली घसरला की विकून मोकळं व्हायचं. ब्रोकरच्या सर्व्हरकडून नेटवरून क्षणाक्षणाला भाव येई. प्रत्येक नव्या भावाला दिव्यानी टिक म्हणायची, आणि बजावायची, "बाबा, टिक शिळा असन त स्क्रिप्टनं हात लावाचाच नाई."

त्यासाठी तिने एक पहारा बसवला होता. प्रत्येक टिकवर बाजाराने मारलेली वेळ असते. ती वेळ आणि लॅपटॉपचं घड्याळ यांत पाच सेकंदांहून जास्त फरक पडला, की स्क्रिप्ट सगळं थांबवून घंटी वाजवणार.

महिनाभर ठीक चाललं. मग एके दिवशी घंटी वाजायला लागली ती थांबेचना. सकाळी नऊला बाजार उघडायचा आणि नऊ वाजून काही सेकंदांत टणटण सुरू. नेट तर व्यवस्थित, भाव डोळ्यांसमोर पळतोय, आणि स्क्रिप्ट म्हणते, टिक सात सेकंद शिळा. चार दिवस वामनरावांनी सोसलं. पाचव्या दिवशी सेटिंगची फाइल उघडली, पाचाचा आकडा खोडला आणि नऊशे लिहिला. घंटी गप्प झाली. बरं वाटलं. दिव्यानीला सांगायचं राहून गेलं, असं ते नंतर स्वतःला सांगत. राहून गेलं नव्हतं. तिने हरकत घेतली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, चांदी चढली आणि स्क्रीनवर एका आकड्यावर थांबली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. स्क्रिप्टने भाव शांत झालाय असं धरून खरेदी केली. अकरा वाजून तेरा मिनिटांनी आकडा एकदम हलला आणि धाडकन कितीतरी खाली जाऊन पडला. चांदी तिकडे केव्हाची घसरत होती, इथे मात्र जुनाच भाव दिसत होता. विकायची रेषा होती, पण ती पाहणारी स्क्रिप्टही त्याच गोठलेल्या आकड्याकडे बघत बसलेली. तीन महिन्यांच्या पेन्शनएवढी रक्कम अकरा मिनिटांत गेली.

वामनरावांनी पहिला फोन लावला तो बिरजू मडावीला. बिरजू पोंभुर्ण्याकडचा, तिशीतला, भद्रावतीत नेटच्या केबलची जोडणी करायचा. केबलच्या आतली केसासारखी बारीक काच तो अशी जोडायचा की रुखमाबाई चहा ठेवून बघत उभ्या राहायच्या. तासाभरात तो आला, मीटर लावून बघितलं.

"भाऊ, लाइन एकदम बराबर हाय."

"माह्या डोळ्यादेखत भाव अटकला, अन् तू म्हणतं लाइन बराबर?"

"मीटर त असंच सांगून राह्यला, भाऊ."

"एकतीस वर्सं तपासणी केली म्या. खराब काम मले दिसते."

बिरजूने पुन्हा काच कापली आणि जोड नव्याने केला. पैसे विचारले नाहीत. त्याच संध्याकाळी वामनरावांनी नेटवाल्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं, जुन्या सवयीने, मुद्देसूद. त्यात 'निकृष्ट जोडकाम' हे शब्द होते. लिहिताना एकदा नऊशेचा आकडा डोळ्यांपुढे येऊन गेला. वामनरावांनी तो बाजूला सारला आणि खाली झोकदार सही केली. पंधरा दिवसांनी केबलचं काम बघायला दुसराच माणूस आला. बिरजूला काढलं, तो म्हणाला.

"इतकं लिव्हाचं कायले होतं तुमाले?" रुखमाबाई म्हणाल्या. वामनरावांनी पेपर वर केला.

दोन महिन्यांनी दिव्यानी सुट्टीला आली आणि दुसऱ्याच सकाळी लॅपटॉप घेऊन बसली. स्क्रिप्ट प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवत असे. नोंदी वाचता वाचता ती थांबली.

"बाबा, हे नऊशे कोनं केलं?"

वामनराव म्हणाले, "घंटी लय वाजत होती."

"काऊन वाजत होती, ते पाह्यलं का?"

नाही, ते पाहिलं नव्हतं. दिव्यानीने नोंद पुढे सरकवली. टिकची वेळ एका रकान्यात, लॅपटॉपची दुसऱ्यात. फरक सात सेकंद, सात सेकंद, सात सेकंद. "लाइन सुस्त असती त कधी दोन, कधी दहा सेकंद लागले असते. हे दर वेळी सातच. टिक ताजाच येऊन राह्यला होता, बाबा. तुमचं घड्याळ पुढं पळून राह्यलं." तिने फोन शेजारी धरला. लॅपटॉप आता नऊ सेकंद पुढे होता. घड्याळ आपोआप लावून घ्यायची सोय केव्हातरी बंद पडलेली. ती चालू केली की अर्ध्या मिनिटाचं काम.

माप खोटं होतं. वामनरावांनी मापाला लाल चिठ्ठी बांधायच्या ऐवजी सूट वाढवली होती. कुणा शिकाऊ पोराने असं केलं असतं तर त्याला त्यांनी दाराबाहेर उभं केलं असतं.

दिव्यानीने घड्याळ लावलं, नऊशेचे पुन्हा पाच केले आणि त्या मंगळवारच्या नोंदी, वेळेतली चूक वजा करून, स्क्रिप्टला नव्याने खाऊ घातल्या. शेवटचा टिक आला, पाच सेकंद गेले आणि स्क्रिप्ट थांबली. खरेदी झालीच नाही.

"पन नेट बंद होतं ना?" वामनरावांनी विचारलं. त्यांना कुठेतरी आधार हवा होता.

"कुठी बंद होतं?" तिने बोट ठेवलं. टिक थांबल्यानंतरही खाली ओळीमागून ओळ होती, दर दोन-तीन सेकंदांनी एक. "भाव नसला तरी ब्रोकरचा सर्व्हर एक छोटा निरोप धाडत राह्यते, लाइन जिवंत हाय म्हनून. अकरा मिनिटांत एकबी चुकला नाई. भाव त्यायच्याच बाजूनं अटकला होता. तुमच्या घरापावेतची लाइन ठणठणीत होती."

वामनराव उठून अंगणात गेले. ठणठणीत. बिरजूच्या मीटरने हेच सांगितलं होतं, आणि बिरजूनेही. त्यांना आपली लाज वाटली, अशी की घरात परत जाववेना. त्या रात्री जेवताना त्यांनी पत्राची गोष्ट लेकीला सांगितली. मग उठून तिने त्या अकरा मिनिटांच्या नोंदी छापायला काढल्या.

दुसऱ्या दिवशी वामनराव बसने चंद्रपूर आणि तिथून पोंभुर्ण्याला, बिरजूच्या गावी, गेले. पिशवीत छापलेले कागद होते, तक्रार मागे घेत असल्याचं पत्र होतं, त्यात स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात. वाटभर त्यांनी माफीची वाक्यं जुळवली. समोरून 'जाऊ द्या भाऊ' येईल, लोक असंच म्हणतात, आणि मग आपण म्हणू, नाही रे बाबा, कसं जाऊ देऊ. इथवर सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

बिरजू धानाच्या गिरणीत पोती वाहत होता. अंगभर कोंडा. वामनरावांना पाहून त्याने खांद्यावरचं पोतं उतरवलं, हात पुसले.

"भाऊ, इतक्या दूर?"

जुळवलेलं एकही वाक्य वामनरावांच्या तोंडून निघालं नाही. "तुह्या जोडात काई खोट नव्हती, बिरजू," ते म्हणाले. "खोट माही होती. माहं घड्याळ चुकलं होतं, मले ते पाह्याचं नव्हतं. अन् मी तुह्या नावानं लिहिलं." मग कागद काढून निरोपांच्या ओळी दाखवल्या. लाइन चालू, लाइन चालू, लाइन चालू.

बिरजूने कागद घेतले. तो पोत्यावर बसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. एकही ओळ सोडत नव्हता. वामनराव उभे राहिले. एकतीस वर्षं लोक त्यांच्या टेबलापुढे असेच उभे राहायचे, हातात आपलं काम घेऊन.

"म्हंजे जोड बराबर होता?" बिरजूने मान वर न करता विचारलं.

"बराबर होता. पयलाबी, दुसराबी."

"मागच्या महिन्यात मूल गावच्या ठेकेदारानं बलावलं होतं मले. जोडणीच्याच कामाले." त्याने बोट पुढच्या ओळीवर नेलं. "मी नाई म्हनलं. तुमी एवढे तपासणीवाले, तुमी म्हनलं काम खराब, त मले वाटलं असनच. आता जोडाची मशीन हातात घेतली का आपल्याच हातावर भरोसा नाई राह्यत, भाऊ."

वामनरावांनी पिशवीतून तक्रार मागे घेतल्याचं पत्र काढलं. "हे मी आज चंद्रपूरले ऑफिसात देतो. ठेकेदाराकडंबी मीच येतो तुह्यासंगं."

"द्या," बिरजू म्हणाला. त्याने शेवटची ओळ वाचली, कागदांची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, कोंड्याने पांढरा झालेला.

मुकादमाने आतून हाक मारली. बिरजू उठला, पोतं खांद्यावर घेतलं आणि आत गेला. 'जाऊ द्या' तो म्हणाला नाही. वामनराव पत्र हातात धरूनच चंद्रपूरची बस धरायला निघाले.