वडिलांचं नाव पट्टीत बसवताना

मुलाखतीत बोलणाऱ्याचं नाव पडद्याच्या खालच्या पट्टीवर येतं. ती पट्टी करणं हे माझं काम. पेणमधल्या आमच्या केबल चॅनेलसाठी मी ते बरीच वर्षं करतोय, तरी लांब नाव आलं की आधीच अपराधी वाटायला लागतं. आपण कुणाचं तरी काहीतरी कापणार, असं.

रोह्याच्या वाल पिकवणाऱ्या बायकांच्या संस्थेच्या अध्यक्षा आल्या, तेव्हा तेच झालं. त्यांना स्वतःचं, वडिलांचं, माहेरचं आणि सासरचं अशी चारही नावं हवी होती. खाली पद आणि संस्था. वडील धरमतरकडे मिठागरात राबलेले. लेकीच्या नावाला लागून आपलं नाव बघायला ते रविवारी टीव्हीसमोर बसणार होते.

साध्या फॉण्टमध्ये नाव सुरक्षित चौकटीबाहेर गेलं. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून कडांपासून आत ही चौकट आखलेली असते. तिच्यातलं सहसा कापलं जात नाही.

"वडिलांचं नुसतं पहिलं अक्षर घालू?" मी चाचरत विचारलं.

"दादा, बापाला टिंबावर बसवता व्हय?"

मग मी अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबली. आडव्या रेषा जाडच राहिल्या, उभे दांडे काड्यांसारखे झाले. शेजारी चॅनेलचे हिशेब लिहीत बसलेली माझी बायको म्हणाली, "अहो, त्यांच्या वडिलांना उपाशी का ठेवलंत?"

मी ते सोडून दिलं आणि नाव थोडं चौकटीबाहेर जाऊ दिलं. म्हटलं, हल्ली कुणाचा टीव्ही कडा कापतो?

"आमच्या बाबांचा," ताई म्हणाल्या. "तुमच्या चॅनेलचं कोपऱ्यातलं घड्याळ तिथं कायम अर्धंच दिसतं. आम्हाला वाटलं, पेणचं घड्याळच तसं हाय."

बायको तोंडाला पदर लावून हसत राहिली. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटी मुळातच अरुंद आखलेला फॉण्ट घेतला. त्यात दांड्यांची जाडी राखलेली असते, फक्त अक्षरांच्या पोटातली जागा कमी केलेली. चारही नावं एका ओळीत बसली. खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या उकारांना टेकत होत्या, म्हणून दोन ओळींत अंतर वाढवलं. तरी सगळं चौकटीत राहिलं.

रविवारी मला घरी बसवेना. मी सरळ ताईंच्या वडिलांच्या घरी जाऊन थडकलो. ताईही रोह्याहून आल्या होत्या. घड्याळ खरंच अर्धं होतं. मग पट्टी आली. नाव अख्खं.

म्हातारा वाकून बघत म्हणाला, "मी इतका बारीक कधी झालो गो?"

"काका, माफ करा, जागा..."

"बाबा, सासरच्यांनाबी तेवढंच बारीक केलंय."

"मंग हरकत नाय," ते म्हणाले. "परत कधी येतंय?"

"शेवटाला एकदा येईल," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली आणि मलाही बसायची खूण केली.