सासऱ्याने तोडलेले, सुनेने जोडलेले

खिळेमास्तरांनी चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. अक्षरं उलटी वाचायची सवय अशी जडली की सरळ माणसावरही त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. निवृत्तीनंतर घरात वाचायला उरलं काय, तर दुधाच्या पिशव्या आणि औषधांच्या बाटल्या. त्यांतल्याही चुका काढून ते सुनेला ऐकवायचे. शेवटी ती एकदा म्हणाली, "मामंजी, घरातलं काय ते वाचा, पण माझ्या ऑफिसातल्या कागदांना हात लावू नका." मास्तरांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

सून बियाण्यांच्या कंपनीत सहा महिन्यांसाठी लागली होती. कायम व्हायचं तर एक काम पुरं करून दाखवायचं होतं. जुन्या छापील सूचीतले तक्ते स्कॅनमधून उचलून संगणकात भरायचे, आणि तीच माहिती नव्या पाकिटांवर छापायला जायची. गंमत अशी, की ती सूची छापली होती मास्तरांच्याच छापखान्यात, आणि ते तक्ते जुळवले होते मास्तरांनीच. रकाने करंगळीएवढे, म्हणून शब्द मावले नाहीत की ते तोडत, शेवटी आडवी रेघ देत आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत टाकत. सासऱ्याने जे तोडलं ते आता सून जोडत बसली होती. घरोघरी हेच चालतं म्हणा.

पहिल्या आठवड्यात संगणकाने तक्ता आडवा वाचला. एका घरातलं ‘टोमॅ-’ शेजारच्या घरातल्या ‘उन्हा-’ला चिकटलं आणि ‘टोमॅउन्हा’ नावाचं नवंच पीक उगवलं. मग सुनेने शिकवलं त्याला, की आधी घर ओळख, त्या घरातल्या सगळ्या ओळी एकत्र घे आणि मगच तुकडे जोड. ओळीअखेरची रेघ काढली आणि ‘टोमॅ-’ला खालचं ‘टो’ मिळालं. साहेब खूश झाले. तक्ते दुपारी पाकिटांच्या छपाईला जाणार, असं ठरलं.

त्या दिवशी सून चष्मा घरी विसरली. मास्तर चष्मा द्यायला ऑफिसात गेले. ती साहेबांच्या खोलीत होती आणि टेबलावर पाकिटांचा अंतिम कागद पडला होता. हात लावायचा नाही हे त्यांना आठवत होतं, म्हणून त्यांनी खिशातली पट्टी लावून वाचला.

भोपळ्यापाशी पट्टी थांबली. ‘दोन वेलींतलं अंतर ९०१२० सेंटीमीटर.’ म्हणजे एक वेल इथे आणि दुसरी जवळजवळ एक किलोमीटर पलीकडे. घेवड्याचंही तेच. कोसभर लांब शेत असलेला माणूस चार दाणे पेरून झोपी जाईल. ही चूक माझी की काय, असं मास्तरांना वाटलं. शेजारीच जुनी सूची होती. उघडून पाहिली, तर त्यांच्या हातचंच होतं: वर ‘९०-’, खाली ‘१२०’. नव्वद ते एकशेवीसमधली ‘ते’ची रेघ नेमकी ओळीच्या शेवटी आली होती. संगणकाने तीही तोडलेल्या शब्दाची समजून उडवली होती.

सून परतली आणि पट्टी पाहून तिचा चेहरा उतरला. मास्तरांनी तिला चष्मा दिला आणि भोपळ्यावर बोट ठेवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि जुनी सूची पुढे ओढली.

साहेबांना बोलावलं. ते वैतागलेच. आकड्यांतली रेघ ठेवा म्हटलं तर सोपं, पण मधेच एखादा मोठा आकडाच तोडलेला असेल तर काय? वर ‘१-’, खाली ‘२०’ असलं तर एकशेवीस की एक ते वीस, हे कुणी सांगायचं?

"मी सांगतो," मास्तर म्हणाले. "शब्द तोडले, आकडा कधी तोडला नाही. मावला नाही तर मी शेजारची मोकळी जागा कापली, आकड्याला हात लावला नाही."

"आणि ‘पिवळट-हिरवा’सारखे शब्द?" सुनेने विचारलं.

"त्यांची रेघ मी खालच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा दिलीय. वरची काढ, खालची ठेव. आकड्यांच्या रकान्यात मात्र तेवढी जागाच नव्हती."

सुनेने नियम बदलला: दोन्हीकडे अक्षरं असतील तर शेवटची रेघ काढ आणि जोड, दोन्हीकडे आकडे असतील तर रेघ ठेव. मग साहेबांच्या समाधानासाठी आकड्यांची सगळी घरं जुन्या सूचीशी पडताळली. सदतीस होती. एकाही ठिकाणी आकडा तोडलेला निघाला नाही. छपाई दोन तास उशिरा सुरू झाली, एवढंच.

महिनाअखेर कायम झाल्याचं पत्र आलं. सुनेने ते आपणहून सासऱ्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी पट्टी काढली, एकेका ओळीखाली लावून दोनदा वाचलं आणि पत्र परत केलं.

"एकही चूक नाही," ते जरा हिरमुसून म्हणाले.