बैल आभाळात

विलीनीकरणानंतर निजामाच्या काळातल्या शिक्षकांना नव्या परीक्षा आल्या. कळंबच्या आमच्या शाळेतले चित्रकलेचे गुरुजी पन्नाशीचे. देवळांच्या भिंती रंगवत हात तयार झालेला, पण हाती प्रमाणपत्राचा कागद नाही. परीक्षा पास झाले तर नोकरी राहणार, नाही तर त्यांची जागा मला मिळणार. मी तात्पुरता होतो, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना शिकवायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

गर्दीचं चित्र त्यांना जमेना. मी टेबलावर तीन तांबे मांडले. एक पुढं, एक शेजारी, एक मागं. "बघा गुरुजी, मागचा लहान दिसतो, त्याचं बूड कागदावर वर येतं, आणि पुढच्यानं तो थोडा झाकतो."

"माणूस अर्धा झाकायचा म्हणजे त्याचा अवमानच की, मास्तर," ते म्हणाले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी कधी कुणाला कापलं नव्हतं. मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावर, पण पुरता. तरी महिनाभरात हात वळला. मलाच ते थोडं खुपलं.

परीक्षा उस्मानाबादला होती. देखरेखीवर नेमकं मला पाठवलं. प्रश्न होता आठवडी बाजाराचा: समोर बसलेली भाजीवाली, तिच्या शेजारी उभं गिऱ्हाईक, दोघांच्या मागे बैल धरलेला शेतकरी.

अर्धा तास उरला असताना मी त्यांच्या बाकामागं थांबलो. भाजीवाली छान उतरली होती, गिऱ्हाईकही. पण हात घाबरून जुन्या वाटेला लागला होता. शेतकरी आणि बैल, दोघंही पूर्ण, गिऱ्हाइकाएवढेच मोठे, थेट त्या बाईच्या डोक्यावर. बैल आभाळात. अजून सगळं पेन्सिलीतच होतं, रंग लागला नव्हता. एकदा खाकरलो असतो तरी त्यांनी मान वर केली असती, माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं आणि रबर उचललं असतं.

नियम नियम असतो, असं मी मनाशी म्हटलं. खोटं होतं ते. त्याच खोलीत मागच्या बाकावरच्या एका तरुण शिक्षकाची कॉपी मी तासापूर्वीच न बघितल्यासारखी केली होती. मला जागा हवी होती, एवढंच. मी पुढच्या बाकाकडं सरकलो. मागं त्यांनी ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज आला.

ते नापास झाले. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली द्यायला आले तेव्हा खडूनं भरलेले हात धोतराला पुसत म्हणाले, "तुम्ही लई जीव लावून शिकवलंत, मास्तर. माझंच डोकं जुनं. दुसऱ्या कुणी एवढं केलं नसतं."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा बसा, गुरुजी." आणि किल्ली घेतली.