ग्रामपंचायतीत गेलेला मेल

माझं शिक्षण सातवीपर्यंत. कॉम्प्युटर शिकले ते पन्नाशी उलटल्यावर, शहापूरच्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात, दुसऱ्यांचं बघून बघून. मार खाऊन घरातून निघालेल्या बायकांची कामं आम्ही करतो. आता आमच्याकडे माणूस ओळखायचा तो गावावरून. म्हणून मेलमधले सगळे पत्ते मी गावाच्या नावानेच साठवलेले. ते असं नडलं की काय सांगू.

त्या दिवशी मुरबाडकडच्या आमच्या कार्यकर्तीला मेल करायचा होता. एका बाईची कोर्टाची तारीख लागलेली, तिला कुठून आणायचं ते कळवायचं होतं. मेलला त्या बाईचा जबाब जोडला, खाली पत्ता लिहिला: उंबरमाळीच्या वरचा पाडा, आमच्या ओळखीच्या एका म्हातारीचं घर. बाईवर तिच्या नवऱ्याने कोयता उगारला होता. पुन्हा सापडलीस तर सोडणार नाही, असं चारचौघांत बोलला होता. तो पाडा त्याला ठाऊक नाही, एवढ्याच भरवशावर ती तिथे झोपत होती.

गावाचं नाव टाकलं, खाली दोन पत्ते आले. वरचा दाबला. कार्यकर्ती त्याच गावची, पण वरचा पत्ता तिच्या ग्रामपंचायतीचा होता. आणि त्या पंचायतीत शिपाई कोण? त्या बाईचा सख्खा दीर.

मेल गेल्यावर काही सेकंद तो मागे घेता येतो म्हणतात. माझं लक्ष गेलं तोवर दहा मिनिटं झाली होती. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो आमच्या प्रमुख ताईंना सांगायचंच नाही, आपलं आपण मिटवायचं.

पंचायतीला दुसरा मेल लिहिला. 'मघाचा मेल चुकून आला आहे, तो गोपनीय आहे. वाचू नये, पुढे पाठवू नये, काढून टाकावा आणि काढल्याचं कळवावं.' बाईचं नाव त्यात पुन्हा घातलं नाही, एवढी अक्कल शाबूत होती. मग तिथल्या ऑपरेटर मुलीला फोन लावला.

"बाय, संस्थेतनं बोलतेय. आमचा मेल चुकून आलाय तुझ्याकडं. उघडलास काय गो?"

"उघडायचा काय मावशी, आमी आलेला मेल पयला प्रिंट करतो. भाऊसाहेबांना कागदच लागतो." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक.

"वाचलास?"

"वरचं वरचं."

"आता तो काढ. कचऱ्याच्या खान्यातनंबी काढ. प्रिंट कुठाय?"

"टेबलावर व्हती. थांबा... हाय, फाइलीखाली गेलीय."

"तोवर खोलीत कोण आलं व्हतं?"

"कोण येनार? शिपाई चाय ठेवून गेला तेवढाच."

फोनवर कागद फाडल्याचा आवाज आला. पण कागद टेबलावर असताना दीर तिथे येऊन गेला होता; आपलं आपण मिटवायचं तिथेच संपलं. उठले आणि ताईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. त्या माझ्या लेकीपेक्षा लहान.

"ताई, माझ्या हातून वाईट झालंय."

त्यांनी सगळं ऐकलं. मग एकेक विचारलं. किती वाजता गेला? काय काय जोडलं होतं? कुणी पाहिलं? मी म्हटलं, "आपल्याकडचा गेलेला मेल काढून टाकते."

"त्याला हात लावू नका, मावशी. काय गेलं, कधी गेलं, ते उद्या दाखवावं लागेल."

"रागवा तरी मला."

"रागवेन. आधी तिला हलवू. आणि तिला खरं सांगायचं, तुम्हीच सांगायचं."

सांगितलं. फोनवर ती रडली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "मावशी, पत्ता कुनाला कळनार नाय, असं तुमीच सांगितलं व्हतं ना?"

दुपारी जीप गेली, तिला घेऊन आली आणि दुसरीकडे सोडून आली. ताईंनी पोलीस ठाण्यात कळवलं. संध्याकाळी ऑपरेटरचा मेल आला, मेल काढला, प्रिंट फाडली म्हणून. ताईंनी तो जपून ठेवला.

तिसऱ्या दिवशी पाड्यावरच्या म्हातारीचा फोन. "दोघं मोटारसायकलवर आले व्हते गो. पानी मागितलं. दिलं, तर पिले नाय. घरात कितीजनी ऱ्हाता, इचारलं नि गेले."

ते कोण होते, कळलं नाही. शिपायाने वाचलं का, तेही सिद्ध करता येत नाही. मेलमधले पत्ते मी आता माणसांच्या पुऱ्या नावाने लिहिते, आणि बाईचा ठावठिकाणा मेलने कुठेच जात नाही. ती सध्या कुठे आहे ते फक्त ताईंना माहीत आहे. मला त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारत नाही.