दोनशे तीसवर धरलेला काटा

मीटरबाईचं खरं नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचं, तिचं दुकान आहे. मल्टिमीटर कमरेला लावल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही, म्हणून ती मीटरबाई. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. दोघे भाऊ शिकून ऑफिसात गेले. "पोरांनी खुर्ची धरली, पोरीनं तार धरली," असं वडील, म्हणजे दादा, येईल त्याला सांगायचे. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मीटरबाईला पन्नाशी आली तरी उमगलं नव्हतं. दादांनी तिला तोंडावर कधी शाबासकी दिली नव्हती. काम चुकलं तर बोलायचे, बरोबर आलं तर पुढची मोटार सरकवायचे.

आता दादा एकोणऐंशीचे. काचबिंदूनं नजर गेली, पण कान शाबूत होते. दुकानात स्टुलावर बसून ते चालत्या मोटारीचा आवाज ऐकायचे आणि "डावीकडचं बेअरिंग गेलंय" म्हणायचे. ते खरं निघायचं.

वादळानं विजेचे खांब आडवे केले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उबवणी केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला. त्याच्याकडे अठरा हजार अंडी मशिनांत होती, विसावा दिवस. आतली पिल्लं कवचाला टोचा मारू लागली होती.

"ताई, जनरेटर चालू आहे पण वीज नाही. इंजिन नीट धडधडतंय. पंखे बंद आहेत, पिल्लं गुदमरतील हो."

"व्होल्टेजचा काटा कुठे आहे?"

"तळाला. जेमतेम वीस-पंचवीस दाखवतोय."

ती हत्यारं उचलून निघाली, तर दादा आधीच चपला शोधत होते. "मलाही ने," ते म्हणाले. "इंजिन ठीक आणि काटा तळाला, म्हणजे फील्डचं दुखणं आहे."

जनरेटरच्या खोलीत गेल्यावर तिनं इंजिन थांबवायला लावलं आणि वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा डबा उघडला. व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, ज्याला सगळे एव्हीआर म्हणतात, एका कोपऱ्यात काळं पडलं होतं. तरी तिनं जळक्या वासावर निकाल दिला नाही. कार्डातून फील्डकडे, म्हणजे आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याकडे, जाणाऱ्या दोन तारा सोडवल्या, मुख्य ब्रेकर पाडून ठेवला, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि त्या तारांना बारा व्होल्टची बॅटरी लावली, प्लसला प्लस. काटा झपकन वर गेला आणि दोनशेच्या पुढे थांबला.

"मशीन धडधाकट आहे," ती म्हणाली. "फक्त कार्ड मेलंय."

"नवीन?"

"शहरातून यायला संध्याकाळ होईल."

मॅनेजर मटकन खोक्यावर बसला. "मग ही बॅटरीच लावून ठेवा ना. दोनशे तर आले."

"रिकाम्या मशीनवर आले. तुमचा एक पंखा लावला की खाली बसतील. ते कार्ड काय करत होतं माहीत आहे? उतू जाणाऱ्या दुधासमोर उभं राहिल्यासारखं सारखं व्होल्टेजकडे बघत होतं. लोड वाढून व्होल्टेज पडलं की फील्डमधला करंट वाढवायचं, लोड सुटून चढलं की कमी करायचं. अक्षरशः क्षणाक्षणाला."

दादा दारात भिंतीला टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या गिरणीत कार्ड नव्हतं. माणूस होता."

मीटरबाईनं वळून पाहिलं. तरुणपणी दादा गिरणीच्या पॉवरहाउसात होते एवढंच तिला माहीत होतं. "कोण माणूस?"

"मी. एक सरकता रिओस्टॅट आणि समोर काटा. आठ-आठ तास."

पुढचा अर्धा तास बोलण्यात गेला नाही. केंद्राच्या माल वाहणाऱ्या गाड्यांतल्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. दुकानातून टेस्टिंगचा मोठा सरकता रिओस्टॅट आणला. बॅटऱ्यांपासून रिओस्टॅट, तिथून फील्ड. दांडी एकीकडे सरकवली की करंट वाढे, दुसरीकडे सरकवली की उतरे. इंजिनाचा वेग इंजिन सांभाळणार होतं. तिच्या हाती होतं फक्त व्होल्टेज.

मग तिनं मॅनेजरला बजावलं, "हीटरचं आपोआप चालू-बंद होणं काढून टाका. सगळं हातानं करायचं. लोड टाकताना मला सांगा आणि काढताना दोनदा सांगा."

"काढताना दोनदा का?"

"टाकल्यावर व्होल्टेज बसतं. बसलेलं उचलता येतं. काढल्यावर उसळतं, आणि तेवढ्यात तुमचे कंट्रोलर जळतात."

दादा इंजिनापासून दोन हातांवर स्टूल घेऊन बसले. ब्रेकर चढला. मॅनेजरनं दारातून हाक दिली, "पहिला पंखा." इंजिन कण्हलं, काटा एकशे नव्वदला आला, तिनं दांडी पुढे रेटली, काटा दोनशे तीसवर. दुसरा पंखा. तिसरा. मग हीटर. तासाभरात तिला अंदाज आला की कुठल्या पंख्याला दांडी किती बोटं सरकवायची. दांडी तापली होती, तिनं हाताला फडकं गुंडाळलं. मॅनेजरच्या बायकोनं चहा आणला, तो तिनं काट्यावरची नजर न काढता प्यायला.

दुपारी तीनच्या सुमारास दादा म्हणाले, "सुटलं."

कुणी काही सांगितलं नव्हतं. पण इंजिनाचा आवाज हलका झाला होता, आणि मीटरबाईनं काटा हलायच्या आत दांडी मागे ओढली. काटा दोनशे बावन्नला शिवला आणि परत आला. आत एका मोठ्या पंख्याचा ओव्हरलोडचा खटका स्वतःहून पडला होता. मॅनेजर धावत आला तेव्हा सगळं जागेवर होतं. पंखा पुन्हा लावायचा होता, त्यानं दोनदा विचारून लावला.

पाच वाजता कार्ड आलं. मशिनांची दारं मिटलेलीच ठेवून तिनं दहा मिनिटांत ते बसवलं. सुरुवातीला दिवे धाप लागल्यासारखे कमी-जास्त होत होते. स्थिरतेचा बारीक स्क्रू तिनं थोडा-थोडा फिरवला, तेव्हा ते शांत झाले. मग सगळे पंखे लावायला सांगितले. काटा किंचित बुडाला आणि कुणी हात न लावता दोनशे तीसवर येऊन उभा राहिला. सहा तास जे तिनं केलं, ते कार्डानं डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. तिला कार्डाचा हेवा वाटला नाही. हे काम किती नाजूक आहे ते आता तिच्या मनगटाला माहीत होतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत दादा तिच्या शेजारी बसले होते.

"किती वर गेला होता काटा?" त्यांनी विचारलं.

"दोनशे बावन्न."

"माझा एकदा दोनशे ऐंशीला गेला होता. गिरणीतले निम्मे दिवे उडाले. मालकानं आठवडाभर बाहेर बसवलं." थोडं थांबून ते म्हणाले, "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

 

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन आला. सोळा हजारांवर पिल्लं बाहेर आली होती. तिनं दादांना सांगितलं. त्यांनी फोन मागून घेतला आणि थोरल्या मुलाचा नंबर लावायला सांगितला. त्याचं झाल्यावर धाकट्याचा. दोघांनाही त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काट्याच्या आकड्यांसकट. बाजूला ती एका पंपाच्या मोटारीत तार भरत बसली होती, आणि त्या दिवशी तिच्या हातून एक वेढा चुकला.