एका मीटरवरची दोन घरं

शालिकभाऊ संध्याकाळी माझ्यासोबत फिरायला येतो, पण त्याला चालायची हौस नाही. पहाटे चारला उठून, तलावावरची मासळी डब्यात भरून, तो तीस किलोचा डबा जुन्या स्कूटरवर बांधून पाच गावं हिंडलेला माणूस आहे तो. मला डॉक्टरने साखर सांगितली म्हणून मी चालतो, आणि मी एकटा जायला नको म्हणून तो येतो. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलापर्यंत जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. पुलाच्या पुढे वनखात्याची पाटी आहे, आणि पाटीवर ज्या वाघाचं चित्र आहे तोही अधूनमधून पुलापर्यंत येतो.

मी नथ्थू. मूल या तालुक्याच्या ठिकाणी एका शाळेत बाबू आहे. गावातून पंधरा किलोमीटर जायचं, पंधरा यायचं. मागच्या दसऱ्याला मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि तेव्हापासून माझी जीभ थांबत नाही, असं माझी बायको कमळा म्हणते. तिचं खरं आहे. पेट्रोल पंपावर रांग दिसली की मी मुद्दाम हळू चालवतो.

त्या दिवशी शालिकभाऊनं स्वतःहून विषय काढला. एरवी तो हूं, हाव, नाई, एवढंच बोलतो.

"नथ्थू, तुह्या गाडीले महिन्याचा किती खर्च येते? बढाई मारू नको. बरोबर सांग."

"काऊन भाऊ? घेता काय?"

"उद्या मच्छीमार सोसायटीची सभा हाय. विक्रीत राहायचं का नाई ते सांगा लागते. नाव नाई दिलं तं माह्या वाट्याची मासळी दुसऱ्याले जाईन." तो थांबला, पाठीवर हात ठेवून वाकला, सरळ झाला. "बल्लारपूरले माहा साळा हाय. तो म्हणते, वॉचमनची जागा हाय, येऊन जा. नऊ हजार देतेत. खुर्चीवर बसून राहायचं."

मी हसणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून हसलो नाही. तीस वर्षं हा माणूस मासळी विकतो आहे. आधी सायकलवर, मग स्कूटरवर. कोणत्या गावात कोणत्या घरी रोहू लागतो, कोणाला कतल्याचं डोकं हवं असतं, हे त्याला पाठ आहे. हा माणूस बल्लारपूरला कोणाच्या तरी फाटकाशी खुर्चीवर बसणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

"तुमचं पेट्रोल किती जाते?" मी विचारलं.

"रोज साठ किलोमीटर. महिन्यातून सव्वीस दिवस. डबा लादला का चाळीसच्या वर अॅव्हरेज देत नाई."

मी मोबाइल काढला. पंधराशे साठ भागिले चाळीस, एकोणचाळीस लिटर. एकशे पाचचा भाव धरला तर चार हजार पंच्याण्णव. ऑइल बदलणं, ब्रेक, पंक्चर वेगळं.

"चार हजार! आणि ऐका आता माझं. महिन्याला नऊशे किलोमीटर. पस्तीस युनिट. सात रुपयांनी किती झाले? दोनशे पंचेचाळीस! चहापाण्याचे पैसे, भाऊ."

मला वाटलं होतं तो चकित होईल. तो चालता चालताच म्हणाला, "सात काऊन धरले?"

"युनिटचा भाव आहे."

"पहिल्या शंभराचा हाय. त्याच्या वर दुसरा भाव लागते. टॅक्स धरून तेराच्या आसपास पडते. बिलाच्या मागं पाह्यलं नाई काय कधी?"

नव्हतं पाहिलं. आता इथे आमच्या मीटरचं सांगितलं पाहिजे. माझा बाप आणि त्याचा बाप जिवाभावाचे होते. दोघांनी मधली भिंत एक ठेवून घरं बांधली आणि मीटरही एकच घेतलं, माझ्या बापाच्या नावानं. तेव्हा दोन्ही घरांत मिळून चार दिवे होते. बिल आलं की अर्धं-अर्धं. आता पंखे आले, टीव्ही आले, पण रीत तीच. दर महिन्याला शालिकभाऊ निम्मे पैसे आणून देतो, मी मोबाइलवर बिल भरतो. मी फक्त एकूण रक्कम बघतो. तो मात्र बिलाचा कागद घरी नेतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कारण त्याला ते निम्मे पैसे मासळी विकून काढायचे असतात.

"आपल्या दोन घरायच्या दिव्या-पंख्यानंच पहिले शंभर संपतेत," तो समजावून सांगत होता. "मग तुही गाडी वरच्या भावातच चालन ना. पस्तीस गुणिले तेरा कर."

चारशे पंचावन्न. मी जरा नाराज झालो. बाबू मी, आणि हिशेब हा मला शिकवत होता.

"आणि बॅटरी?" तो म्हणाला. "कधी ना कधी बदला लागनच ना?"

"सहा-सात वर्षं तरी बघायला नको. साठेक हजार लागतात म्हणे."

"म्हंजे महिन्याले आठशे बाजूले ठेवा लागतीन. तेही खर्चच झाला." तो रागावून बोलत नव्हता. दिवसभर वजनकाटा धरलेल्या माणसाचा आवाज होता तो. "मले रोजच्या साठ किलोमीटरले, डबा लादून, महिन्याचे साठ युनिट तरी लागतीन. त्याचे आठशे. बॅटरीचे आठशे. वर गाडीचा हप्ता. मंग मले काय सुटलं?"

"पण साठ किलोमीटर कशाला जाता? तुमची पाच गावं तर तीसच किलोमीटरमध्ये होत होती."

"आधी होत होती. आता बर्फ आणाले पहिले मूलले जातो ना. पंधरा आन् पंधरा तीस. फ्रीजर विकल्यापासून."

फ्रीजर मला माहीत होता. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत एक जुना, झाकणाचा, ठेंगणा फ्रीजर असायचा. चंदाबाई, म्हणजे त्याची बायको, संध्याकाळी त्यात डब्यांमधून पाणी ठेवायची आणि पहाटे बर्फ तयार असायचा. हिवाळ्यात त्यानं तो सिंदेवाहीच्या एका ढाबेवाल्याला विकला. का विकला, हे मी विचारलंही नव्हतं.

"काऊन विकला पण?"

"म्हातारा झाला होता. लाइट खाऊन राह्यला होता." तो बोटांवर मोजायला लागला. "दसऱ्याच्या आधी आपलं बिल दोनशे दहा युनिट. दिवाळीनंतर एकदम दोनशे पंचेचाळीस. दोन महिने मी पाह्यलं, तेवढंच. मी म्हटलं, झालं, फ्रीजर गेला कामातून. विकला. दुसऱ्या महिन्यात बिल दोनशे पाच. म्हंजे तोच होता ना."

मी चालता चालता थांबलो. दोनशे दहाचे दोनशे पंचेचाळीस. पस्तीस युनिट. दसऱ्याला.

त्याच्या लक्षात आलं नव्हतं. फ्रीजर चाळीस युनिट घ्यायचा, तो गेल्यावर बिल खाली येणारच होतं. वाढलेली पस्तीस माझ्या स्कूटरची होती, आणि त्यांचे निम्मे पैसे दर महिन्याला हा माणूस माझ्या हातावर आणून ठेवत होता. मी फुशारकीनं सांगत फिरत होतो की महिन्याला दोनशे पंचेचाळीस लागतात. माझ्या खिशातून जातही होते तेवढेच, साधारण. उरलेले सव्वादोनशे त्याच्या खिशातून जात होते. आणि ते वाचवायला त्यानं फ्रीजर विकला आणि दोन हजारांचं पेट्रोल चार हजारांवर नेलं.

पुलाच्या कठड्याला हात लावून आम्ही वळलो. खरं सांगतो, गप्प राहावं असंच वाटत होतं. त्याला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. तो बल्लारपूरला गेला असता आणि मी चार लोकांत म्हटलं असतं, पेट्रोलनं मारलं बिचाऱ्याला.

अजून एक गोष्ट आठवत होती आणि ती जास्त टोचत होती. फ्रीजर विकल्यावर त्यानं मला एकदा विचारलं होतं, नथ्थू, मूलवरून येताना बर्फ आणशील काय? मी म्हटलं होतं, वजनानं गाडीची रेंज कमी होते भाऊ. रेंजला काही होत नव्हतं. मला नव्या गाडीवर मासळीच्या बर्फाचं पाणी नको होतं.

परतताना मी सांगून टाकलं. सगळं, रेंजचंही. सांगताना माझाच आवाज मला कसातरी लागत होता.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि चपलेतला खडा काढत राहिला.

"म्हंजे फ्रीजर चांगला होता," तो म्हणाला.

"चांगला होता, भाऊ."

"मी चंदीले लय बोललो रे. म्हटलं, तू घडीघडी झाकण उघडते म्हणून तो बिघडला. आठ दिवस बोलली नाई ते माह्याशी." त्यानं चप्पल घातली. "चाल. अंधार होते."

मी पैशांचं बोललो, प्लगवर छोटं वेगळं मीटर लावतो म्हणालो, नव्या फ्रीजरचंही काहीतरी पुटपुटलो. त्यानं हातानंच राहू दे म्हटलं. दमलेला माणूस भांडतसुद्धा नाही, आणि त्याचा त्रास फार होतो.

घरी माझ्या ओसरीवर गाडी चार्जिंगला लावलेली होती. शालिकभाऊनं तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ आत गेला. मधली भिंत एकच, त्यामुळे त्याचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाहीत. मग चंदाबाई बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या गाडीपायी मले बोलणे खा लागले."

"चुकलं माझं, बाई."

"चुकलं तं चुकलं. उद्यापासून बर्फ आणजा."

एवढंच. आतून शालिकभाऊचा आवाज आला, "मंग उद्या सभेत हाव म्हणू काय?"

"अन् बल्लारपूरले बसून काय कराल?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यानं नाव दिलं. हे मला कमळाकडून कळलं. संध्याकाळी मी मूलच्या बर्फ कारखान्यातून पाव लादी बर्फ घेतला, गिरणीतून धानाचा कोंडा घेतला, पोत्यात कोंड्यात लादी गुंडाळली आणि पायाशी ठेवून निघालो. पंधरा किलोमीटर पाय भिजत होते. रेंज काही कमी झाली नाही. अर्धा टक्का झाली असेल तर मला दिसली नाही.

शालिकभाऊ खाटेवर झोपला होता, चपलांसकट. फिरायला जायची गोष्टच नव्हती. चंदाबाईनं दार उघडलं आणि मी पोतं घेऊन आत गेलो. पुढच्या खोलीत कोपऱ्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक चौकोन होता, जुना, बाकीच्या जमिनीपेक्षा फिका. फ्रीजर गेल्याला तीन महिने होत आले होते. घरात एवढी अडचण, डबे, जाळी, सायकलचं चाक, सगळं भिंतीला रेटलेलं, आणि त्या चौकोनावर मात्र काहीच ठेवलेलं नव्हतं.

"कुठं ठेवू?" मी विचारलं.

"इथी ठेवा," चंदाबाई म्हणाली आणि चौकोनाकडे बोट दाखवलं. "इथी जागा हाय."